विक्री बिल क्र. 1187 : वाचनालयासाठी संगणक साहित्य (सिरियल नंबर व वॉरंटीसह)

मूळ प्रत – ग्राहकासाठी
बिलाची तारीख : 14 जून 2025
माल दिल्याची तारीख : 14 जून 2025
ग्राहक : सचिव, सार्वजनिक वाचनालय (संस्थेच्या नावे)
पैसे : संस्थेच्या खात्यातून बँकेमार्फत, पूर्ण जमा. उधारी नाही.

1. लॅपटॉप, 15.6 इंची, मॉडेल एलएन-1560
नग 2 × 46,000 = 92,000
पहिला : S/N LN56B8K0417
दुसरा : S/N LN56B8K0422
वॉरंटी : 1 वर्ष, 13 जून 2026 पर्यंत. आतली बॅटरी आणि चार्जर याच मुदतीत.

2. मॉनिटर, 22 इंची, मॉडेल एमव्ही-22
नग 1 × 9,500 = 9,500
S/N MV22D003965 ~~MV22D003951~~
वॉरंटी : 3 वर्षे, 13 जून 2028 पर्यंत.
शेरा : आधी काढलेल्या नगाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका कायम पांढरा दिसत होता. ग्राहकासमोरच नग बदलून दिला. जुना नंबर खोडून नवा लिहिला आहे, खाडाखोडीवर दुकानाचा शिक्का व सही आहे.

3. लेझर प्रिंटर, काळा-पांढरा, मॉडेल एलपी-30
नग 1 × 14,200 = 14,200
S/N LP30H71206
वॉरंटी : 1 वर्ष किंवा 30,000 पाने, जे आधी होईल ते. मुदत 13 जून 2026 पर्यंत. डब्यात आलेल्या टोनरला वॉरंटी नाही.

4. यूपीएस, 600 व्हीए
नग 1 × 4,300 = 4,300
S/N UP06A24488
वॉरंटी : यंत्र 2 वर्षे, 13 जून 2027 पर्यंत; बॅटरी 1 वर्ष, 13 जून 2026 पर्यंत.

5. मोबाइल फोन, दोन सिमचा
नग 1 × 12,000 = 12,000
IMEI 1 : 004999011527404
IMEI 2 : 004999011527412
वॉरंटी : हँडसेट 1 वर्ष, 13 जून 2026 पर्यंत, चार्जर आणि केबल 6 महिने, 13 डिसेंबर 2025 पर्यंत.

बेरीज : 1,32,000
कर 18% : 23,760
एकूण : 1,55,760
अक्षरी : एक लाख पंचावन्न हजार सातशे साठ रुपये फक्त

बिलाच्या मागची बाजू : वॉरंटी मागताना

वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते. डबा तुम्ही महिन्याने उघडलात तरी मोजणी 14 जूनपासूनच. बिल नसेल तर कंपनीचे सर्व्हिस सेंटर सिरियल नंबरावरून माल कारखान्यातून कधी निघाला ते पाहते आणि बहुतेक वेळा मुदत तिथूनच धरते. माल गोदामात पडून असतो, त्यामुळे कारखान्याच्या हिशेबाने वॉरंटी संपलेली आणि बिलाच्या हिशेबाने शिल्लक असलेली, असा नग काउंटरवर सर्रास येतो. तिथे हे बिलच कामाला येते.

सर्व्हिस सेंटरचा माणूस तीन गोष्टी जुळवतो : बिलावरचा नंबर, यंत्रावरचा नंबर आणि तारीख. डब्यावरचा नंबर तो सहसा बघत नाही, कारण डबे अदलाबदल होतात. म्हणून या बिलावरचे सगळे नंबर डबा फोडून, यंत्राच्या पाठीमागच्या स्टिकरवरून उतरवले आहेत. स्टिकरवर दोन-तीन आकडे शेजारी शेजारी असतात. S/N समोरचा तो सिरियल नंबर. P/N हा मॉडेलच्या प्रकाराचा नंबर, तो हजारो नगांवर सारखाच असतो. फोनवरून तक्रार नोंदवताना निम्मा गोंधळ इथेच होतो. उरलेला गोंधळ अक्षरांचा. लॅपटॉपच्या नंबरात B आणि 8 शेजारी आहेत, त्यानंतर K आणि मग शून्य आहे, ओ नव्हे. सावकाश सांगा आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या.

लॅपटॉपचा स्टिकर तळाला असतो, घासून पुसला जातो. तसे झाले तर पॉवरशेलमध्ये ही ओळ टाकून नंबर दिसतो, तो बिलाशी ताडून पाहा :

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

मात्र मदरबोर्ड बदललेला असेल तर इथे वेगळा किंवा कोरा नंबर येऊ शकतो. तेव्हा बोर्ड बदलल्याची जॉबशीट सोबत लागते. फोनवर `*#06#` डायल केले की दोन्ही IMEI पडद्यावर येतात. ते 15 अंकी असतात. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देताना हेच आकडे मागतात, आणि तेव्हा फोन हातात नसतो. म्हणून वर दोन्ही लिहिले आहेत.

हे बिल माल कुठून, कधी, कोणी घेतला एवढे सिद्ध करते. बिघाड कशामुळे झाला हे त्यावरून ठरत नाही. पडद्याला तडा, आत पाणी, जळलेला पोर्ट, बाहेरच्या माणसाने उघडलेले यंत्र यासाठी बिल दाखवून उपयोग नाही. ती दुरुस्ती पैसे भरूनच होते. मात्र वाचनालयाने साहित्याचा विमा उतरवला असेल, तर आग किंवा चोरीच्या दाव्यात वस्तू होती, ती संस्थेची होती आणि तिची किंमत किती होती, हे दाखवायला हेच बिल जोडावे लागेल. बिल संस्थेच्या नावे घ्या असा आग्रह आम्ही धरला तो यासाठीच. सचिव बदलतात, संस्था तीच राहते.

दुरुस्तीला काही टाकलेत तर जॉबशीट घेतल्याशिवाय यंत्र सोडू नका. तिच्यावर सिरियल नंबर, तक्रार आणि 'वॉरंटीत' हा शब्द आहे का ते तिथेच उभे राहून वाचा. कंपनीने नग बदलून दिला तर त्याचा नंबर नवा असेल, पण मुदत साधारणपणे जुन्या नगाचीच, जेवढी उरली तेवढी. नवा नंबर आम्ही या बिलावर लिहून देणार नाही, कारण तो नग आम्ही विकलेला नाही. बदलीचे पत्र या बिलाला टाचून ठेवा. पुढच्या वेळी दोन्ही एकत्र दाखवावी लागतील.

मूळ बिल कुठेही जमा करू नका, झेरॉक्स द्या. मूळ फक्त दाखवायला. पीडीएफ प्रत संस्थेच्या ईमेलवर पाठवली आहे आणि बहुतेक ठिकाणी ती चालते, पण मॉनिटरच्या नंबराची दुरुस्ती हाताने झाली असल्याने ती पीडीएफमध्ये नाही. मॉनिटरसाठी ही शिक्क्याची कागदी प्रतच दाखवावी लागेल. तिचा सरळ उजेडात, चारी कोपरे येतील असा फोटो आजच काढून ठेवा. बिल हरवले तर बिल क्रमांक किंवा तारीख सांगून दुय्यम प्रत मिळेल. तिच्यावर 'दुय्यम' असा शिक्का असेल, तारीख मात्र 14 जून 2025 हीच राहील. मागची पुढची तारीख घालून बिल मिळणार नाही, कृपया विचारू नये.

नग पहिल्या 7 दिवसांत चालूच झाला नाही तर आधी आमच्याकडे या, डबा, थर्माकोल, केबल यांसकट. त्यानंतरची तक्रार थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

विक्रेत्याची सही व शिक्का : केलेला आहे

माल उघडून, पाचही बाबींचे नंबर बिलाशी जुळवून, मॉनिटरची खाडाखोड पाहून ताब्यात घेतला.
सचिव, सार्वजनिक वाचनालय : सही व संस्थेचा शिक्का, 14 जून 2025