रजेचा संदेश आणि प्रभाराची नोंद: औषध भांडार, प्राथमिक आरोग्य केंद्र

(मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी)

नमस्कार. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी 22 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर नागपूरला आहे. या काळात औषध भांडार आणि लसींचा प्रभार शेजारच्या केंद्रातील औषध निर्माण अधिकारी ताईंकडे आहे. औषधांची मागणी, लसींचा हिशेब त्यांनाच कळवा. सर्पदंश किंवा फवारणीची विषबाधा असेल तर मेसेज टाकून वाट पाहू नका, पेशंटला थेट केंद्रात आणा किंवा 108 ला फोन करा.

(ताईंसाठी)

ताई, नमस्कार.

ई-औषधीतल्या नोंदी आजपर्यंत पूर्ण आहेत, आणि रजिस्टरशी साठा जुळतो. त्यात तुमचा वेळ जाणार नाही.

लक्ष ठेवायचं ते अ‍ॅट्रोपिनवर. कपाशी डोक्याएवढी झाली आहे, फवारणी जोरात सुरू आहे. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. एका अँप्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅमच असतं, आणि पेशंट गंभीर असला तर एका रात्रीत डबेच्या डबे लागतात. म्हणून साठा 100 अँप्यूलच्या खाली आला की त्याच दिवशी तालुक्याला मागणी टाका, महिनाअखेरची वाट पाहू नका. कागद मागाहून जाऊ द्या, आधी फोन करा.

सर्पदंशाची लस पावडरची आहे, 40 व्हायल. त्यातल्या 10 नेहमी इमर्जन्सी ट्रेमध्येच राहू द्या. सुरुवातीलाच तेवढ्या लागतात, आणि रात्री कपाटाची चावी शोधायची वेळ सिस्टरवर येऊ नये. दुसरी चावी त्यांच्याकडे आहे.

आयएलआरचं तापमान सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, 2 ते 8 अंशांत आहे का ते पाहून लिहायचं. दसऱ्याला शिपाईभाऊ लिहितील, त्यांना मी दाखवून ठेवलं आहे. लाईन गेली तर झाकण उघडू नका. फार वेळ आली नाही तर लसी कोल्ड बॉक्समध्ये हलवाव्या लागतील, पण डीप फ्रीझरमधले आइसपॅक काढले की लगेच भरू नका. पॅकला घाम सुटून, हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. नाहीतर पेंटा आणि हिपॅटायटिस बी गोठतात, आणि गोठलेली लस द्यायची नाही. उघडलेल्या व्हायलवर तारीख-वेळ हवीच. एमआर आणि बीसीजी 4 तासांत संपते, ती उरली तरी जपून ठेवायची नाही.

कुत्रा चावलेल्यांची यादी रजिस्टरला लावली आहे. डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. तिसऱ्यानंतर जखम भरलेली दिसते, मग पोडावरची मंडळी मजुरी बुडवून येत नाहीत. आशाताईंना आदल्या दिवशी फोन केला तर येतात, तेवढा नक्की करा.

मी रात्री 8 नंतर फोनवर आहे. विषबाधेचं काही असेल तर केव्हाही लावा.

आपला,
औषध निर्माण अधिकारी