न्यायिक पुनर्विलोकन: एका नियमावरून पाच स्लाइड

स्लाइड तुमच्याकडे आहेतच, वाचून दाखवत नाही. एक काल्पनिक वाद घेऊ.

शिकवणी वर्गांच्या इमारती सुरक्षित असाव्यात म्हणून एक राज्य कायदा आहे, असं समजा. त्याखाली सरकारने अधिसूचना काढून नियम केला. पहिला पोटनियम: प्रत्येक वर्गात अग्निशमन यंत्रणा हवी. दुसरा: संध्याकाळी सातनंतर शिकवणी बंद. नोकरदारांना रात्री शिकवणारी एक शिक्षिका उच्च न्यायालयात जाते.

पहिल्या स्लाइडवर अनुच्छेद १३ आहे. त्यातल्या ‘कायदा’ या शब्दात नियम आणि अधिसूचनाही येतात, म्हणून हा नियम मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतो. दुसरी स्लाइड दाराची. अनुच्छेद ३२ फक्त मूलभूत हक्कांसाठी. २२६ ची व्याप्ती मोठी, त्यात इतर कायदेशीर हक्कही मांडता येतात. म्हणून तिने उच्च न्यायालय निवडलं, ते योग्यच.

तिसऱ्या स्लाइडवर थांबूया. उत्तरपत्रिकांत बहुतेक जण थेट अनुच्छेद १४ वर उडी मारतात. तसं करू नका. आधी मूळ कायदा उघडा आणि विचारा, सरकारला हा नियम करायचा अधिकार होता का? कायद्याने अधिकार दिला तो इमारतीच्या सुरक्षिततेपुरता. अग्निशमन त्यात बसतं. सातची वेळ कशी बसणार? इमारत सातला सुरक्षित आणि सव्वासातला धोकादायक होत नाही. दुसरा पोटनियम अधिकारबाह्य ठरायला एवढं पुरे आहे.

समजा, सरकारने अधिकार दाखवला. मग अनुच्छेद १९(१)(छ), म्हणजे व्यवसायाचं स्वातंत्र्य. खंड (६) खाली वाजवी निर्बंध चालतात, पण निर्बंध वाजवी आहे हे सरकारने पटवून द्यायचं. इथे प्रमाणबद्धतेची कसोटी लागते; ‘मॉडर्न डेंटल कॉलेज’ (२०१६) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती लावली आहे. हेतू योग्य आहे का, उपायाचा हेतूशी संबंध आहे का, कमी जाचक उपाय होता का, आणि हक्काची किंमत फायद्याच्या मानाने जास्त तर नाही ना? मुलांना उशीर होऊ नये हा सरकारचा हेतू धरला, तरी प्रौढांच्या वर्गालाही तीच बंदी कशाला? अनुच्छेद १४ चा मुद्दा इथे खरा धारदार होतो: असमानांना एकाच मापाने मोजलं.

चौथी स्लाइड मर्यादेची. सातऐवजी नऊची वेळ ठेवा, असं न्यायालय सांगणार नाही. धोरण ठरवणं त्याचं काम नाही. मात्र तपासण्याचा हा अधिकार काढून घेता येत नाही: ‘एल. चंद्रकुमार’ (१९९७) निकालानुसार ३२ आणि २२६ खालचं पुनर्विलोकन संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे.

शेवटची स्लाइड, दिलासा. निकालापर्यंत अंतरिम स्थगिती मागता येते. निकालात दुसरा पोटनियम रद्द होईल, पहिला टिकेल, कारण तो वेगळा काढूनही स्वतंत्रपणे चालतो. आता वहीत याचिकेच्या मागण्या लिहा, स्थगितीची मागणी विसरू नका.