वानोळा

माय चार दिवसांपासून तेच वाक्य घोकत होती आणि दर वेळी त्याच जागी अडत होती.

"नमस्कार. मी इंदूबाई. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठावर. आमच्या गटाचे दादर ज्वारीचे बिबडे. पाव किलोचं पाकीट…"

इथं आली की ती थांबायची. हातातल्या कामाकडे बघायची. चूल असेल तर लाकूड मागे-पुढे सरकवायची, नाहीतर पदराच्या टोकाला पीळ देत बसायची.

"ऐंशी रुपये," मी म्हणायचे.

"हा, तेच," माय म्हणायची. आकडा मात्र तिच्या तोंडून निघायचा नाही.

जळगावला बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. गटाच्या ताईंनी बैठकीत सांगून ठेवलं होतं, उद्घाटन झालं की पाहुणे एकेका स्टॉलवर येतात. प्रत्येकीनं स्वतः बोलायचं. नाव, गाव, माल काय, कसा करतात, किंमत किती. शेजारणीनं नाही, मुलीनं नाही, स्वतः. मायला पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. त्या रात्री ती जेवताना गप्पच होती. मला वाटलं, लोकांसमोर बोलायचं म्हणून घाबरली असेल. म्हणून मी वहीच्या पानावर छान परिचय लिहून दिला. 'पारंपरिक', 'पौष्टिक', 'दर्जेदार उत्पादन' असे चांगले चांगले शब्द घातले.

मायनं पान दोनदा वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली आहे, वाचायला तिला अडचण नाही. तिसऱ्यांदा घडी घालून डब्याखाली ठेवलं.

"हाऊ कागद तुना शे, संगी. मनं बोलनं नही."

ते पान मी पुन्हा बाहेर काढलं नाही.

आमच्याकडे बिबडे, म्हणजे हे ज्वारीचे पापड, कुणी विकत आणत नाही. म्हणजे आणत नव्हतं. फाल्गुनात ऊन चटकायला लागलं की गल्लीत एकेक दिवस एकेकीचा ठरतो. आज आमचे, उद्या बेबीजिजीचे, परवा सुमनकाकूंचे. ज्याच्या घरी बिबडे त्याच्या घरी सगळ्या जातात, आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात अर्धओल्या बिबड्यांची थाळी असते. सासरी गेलेल्या लेकी, मुंबईचा दीर, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांना वर्षभर डब्यातून वानोळा जातो. मायनं तीस वर्षांत किती बिबडे वाटले असतील, ते तिलाही सांगता यायचं नाही. मोजायची गोष्टच नव्हती ती.

म्हणून आत्या आली तेव्हा अंगणातली पाकिटं बघून म्हणाली, "वहिनी, वानोळा कोनी इकस का व?" आत्या वाईट नाही. मायच्या बाळंतपणाला सव्वा महिना हीच राबली होती. पण तो शब्द मायला लागला. मला वाटतं, तिच्या घशात अडकत होता तो आकडा नव्हताच, तो आत्याचा प्रश्न होता.

हिशेब आम्ही दोघींनी मिळून केला होता. १० किलो दादर ४०० रुपये. तीळ १००. लसूण, जिरं, लाल मिरची, मीठ मिळून १५०. गिरणी १००. पाकिटं आणि लेबल २००. एकूण ९५०. बिबडे वाळून निघाले ९ किलो, म्हणजे पाव किलोची ३६ पाकिटं.

"मंग तीस रुपया लाव," माय म्हणाली. "तीस बरोबर शे."

"आणि बायांची मजुरी?"

माय थबकली. बिबडे थापायला चौघी दिवसभर होत्या. बेबीजिजी, सुमनकाकू, मंगलवहिनी आणि कोकिळाकाकू. "त्यास्नी मजुरी धर," ती लगेच म्हणाली. "अडीचशे रुपयांप्रमाणे धर. कमी नको धरू." चौघींचे हजार झाले. पाकीट गेलं चोपन्नवर.

"आता तुझी मजुरी."

"मनी कसानी मजुरी? मी तं घरनीच शे."

मी पेन खाली ठेवलं. तिच्या त्या बोलण्यावर मला काही सुचेचना. कारण मी बघितलं होतं ना. तीन दिवस दादर भिजत होती आणि ती रोज पाणी बदलत होती. रात्री दोनला उठून आंबलेल्या ज्वारीचा वास घ्यायची. जास्त आंबली की बिबडा आंबट होतो, कमी आंबली की फुलत नाही, आणि ते नाकालाच कळतं. मग पाणी निथळून, सुकवून, गिरणीतून भरडून आणलं. चाळून पीठ वेगळं, कण्या वेगळ्या. पहाटे चारला अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं. उकळत्या पाण्यात आधी कण्या, मग पीठ, वाटलेला लसूण-मिरची, तीळ, जिरं. घाटा एका जागी खाली लागला तर अख्खं पातेलं करपट वास धरतं, म्हणून ती दोन हातांनी लाकडी घाटणं फिरवत उभी. धुरानं डोळे लाल. चौघी आल्या तेव्हा सात वाजले होते. त्यांना तयार घाटा मिळाला.

पुढचं काम बघायला मला लहानपणापासून आवडतं. खाटेवर ओलं धोतर अंथरायचं. पाण्यात हात बुडवून गरम घाट्याचा गोळा त्यावर ठेवायचा आणि तळव्यानं गोल गोल पसरत न्यायचा. हात ओला हवा, पण पाणी टपकायला नको. मायच्या हाताखालचा बिबडा असा पसरतो की खालच्या धोतराचे धागे दिसतात, आणि कड कुठं फाटत नाही. दुपारभर ऊन खाल्लं की धोतर उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, आणि बोटाच्या टोकानं कड सोडवायची. घाई केली तर बिबडा धोतराला चिकटून तुटतो. माय त्या वेळी बोलत नाही. श्वाससुद्धा हळू घेते.

"तीन दिवसांचे साडेसातशे," मी म्हणाले आणि तिच्यासमोरच वहीत लिहिलं. २७०० झाले. छत्तीसनं भागले तर बरोबर ७५. वर पाच रुपये एसटीचे आणि चहाचे.

मायनं ती ओळ बराच वेळ बघितली. खोडली नाही. पण हो पण म्हणाली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खोकी जास्त झाली तरी परवडलं. बाबांनी खोकी सुतळीनं अशी आवळली होती की सोडायला विळा लागला असता. स्टँडवर निघताना ते मायला एवढंच म्हणाले, "धीरे बोलजो, पन बोलजो." धरणगाव मागं पडलं तशी माय खिडकीकडे तोंड करून ओठ हलवायला लागली. काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ उमटत होतं. पाकिटाशी आली की वर्तुळ थांबायचं.

मैदानावर मांडव, लाल सतरंजी, रांगेनं टेबलं. आमच्या उजवीकडे नंदुरबारची बाई लाल मिरची आणि मिरची पावडर घेऊन, डावीकडे रावेरच्या दोघी केळीचे वेफर्स घेऊन. मी पाकिटं रचली. लेबलवरचा अन्न नोंदणीचा चौदा आकडी नंबर दिसेल अशी फिरवली. पुठ्ठ्याचं एक कार्ड मी घरूनच लिहून आणलं होतं, 'दादरचे बिबडे, पाव किलो, ८० रुपये'. ते मी पुढं उभं केलं आणि पाणी आणायला गेले. आले तेव्हा कार्ड पालथं पडलेलं होतं. वारा नव्हता.

मी काही म्हणाले नाही. ते कार्ड मीच उभं करणं मला त्या वेळी बरोबर वाटलं नाही.

अजून तासभर होता. मायनं चाखायला म्हणून आणलेली शेगडी पेटवली आणि निखाऱ्यावर बिबडे भाजायला घेतले. कडेनं फुगत, मधे बदामी डाग पडत एकेक बिबडा उमलला. तिनं त्यावर शेंगदाणे, चिरलेला कांदा आणि तेलाचे दोन थेंब टाकले. ताटली घेऊन ती सरळ नंदुरबारच्या बाईंकडे गेली.

"ल्या बाई, खाई देखा. वानोळा शे."

त्या बाई खायला लागल्या. "कसानं शे हाई? ज्वारी?"

आणि माय बोलायला लागली. हात ओले करून दाखवावेत तसे हवेत पसरून. दादर का, साधी ज्वारी का नाही. कितव्या दिवशी वास घ्यायचा, तो कसा ओळखायचा. घाटा घाटताना पाय कसे रोवायचे. बेबीजिजीचा बिबडा सगळ्यात गोल आणि मंगलवहिनीचा सगळ्यात पातळ. रावेरच्या दोघीही उठून आल्या. त्यातल्या तरुण मुलीनं विचारलं, "काकू, एवढं सगळं तुम्ही एकट्या?"

"घाटा मी एकली करस," माय म्हणाली. "तीन दिन जातस मना त्याम्हा. थापाले आम्ही पाच जणी."

मी पाण्याची कळशी घेऊन तशीच उभी राहिले. तीन दिवस. ते तिनं स्वतः मोजून सांगितलं होतं.

नंदुरबारच्या बाईंनी बिबड्याचा शेवटचा तुकडा खाल्ला, हात झटकले आणि आपल्या मिरचीची एक पुडी मायच्या हातात ठेवली. वानोळ्याला वानोळा. मग पिशवीतून शंभराची नोट काढली. "एक पाकीट घरना साठे. कितला?"

"राहू द्या व…" मायच्या तोंडून निघून गेलं.

"खायेल तो वानोळा व्हता. हाई घरना साठे शे," त्या बाई म्हणाल्या. आवाजात आपुलकी होती, पण नोट मागं घेतली नाही. "मी बी मिरची इकासलेच आणेल शे ना."

माय नोटेकडे बघत राहिली. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी माइक खरखरला आणि पाहुणे पहिल्या टेबलापाशी आले. आमचं टेबल सहावं.

मायनं पाकीट उचलून त्या बाईंना दिलं, कमरेची पिशवी उघडून वीस रुपये परत केले. डोक्यावरचा पदर नीट केला. तेलाचा हात पुसला, एकदा पुसून परत पुसला. मग टेबलावरचं पालथं कार्ड उचललं, दोन पाकिटांच्या मधे उभं रोवलं आणि बोटानं जरा पुढं सरकवलं, रस्त्यावरून दिसेल एवढं.

पाहुणे पाचव्या टेबलावर होते. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले.

"तू नको सांगू हा," ती न वळता म्हणाली.

"नाही सांगत."

सहाव्या टेबलासमोर माइक आला. मायनं तो दोन्ही हातांनी धरला, घाटणं धरते तसा.

"मनं नाव इंदू," ती म्हणाली. "हाई दादरना बिबडा. पाव किलोले ऐंशी रुपया."