२२ स्लाइडचा डेक, एक पोस्टर: मजकूर आणि मांडणी

अगं, डेक परत पूर्ण बघितला. त्या २२ स्लाइड लहान करून पोस्टरवर चिकटवायच्या नाहीत, कारण प्रेझेंटेशनला आपण बोलत असतो पण पोस्टरसमोर माणूस एकटाही उभा असू शकतो आणि त्याला दोन मिनिटांत कळलं पाहिजे की आच्छादनाने ओलावा टिकतो. बस, एवढंच सांगायचंय.

साइझ उभा ए-झीरो, ८४१ बाय ११८९ मिमी. पॉवरपॉइंटमध्ये ही साइझ आधीच टाक, मागून बदललीस की सगळं ताणलं जातं.

वर पूर्ण रुंदीत टायटल: "माती झाकली तर ओलावा जास्त दिवस टिकतो". आपलं जुनं लांबलचक टायटल त्याच्याखाली बारीक. मग दोन कॉलम, डावा वरून खाली वाचायचा आणि मग उजवा. हेडिंगना नंबर देतोय म्हणून बाण नकोत, पण दोन कॉलममधली जागा सेक्शनमधल्या जागेपेक्षा मोठी ठेव, नाहीतर डोळा खाली जायच्या ऐवजी आडवा पळतो.

मजकूर हा घे, यात भर घालू नकोस प्लीज:

१. प्रश्न
उघड्या मातीतलं पाणी ऊन-वाऱ्याने उडून जातं. पेंढा किंवा प्लास्टिक अंथरलं तर किती फरक पडतो?

२. काय केलं
तीन वाफे: उघडा, पेंढा, प्लास्टिक. सगळ्यांना सुरुवातीला सारखं पाणी. रोज एकाच खोलीवरची माती १०५ अंश सेल्सिअसला वाळवून ओलावा मोजला.

३. काय दिसलं
उघडा वाफा सगळ्यात आधी कोरडा पडला.

४. कशामुळे
आच्छादनामुळे मातीला ऊन-वारा कमी लागतो, बाष्पीभवन मंदावतं.

५. मर्यादा
एकाच प्रकारची माती, वाफ्यात पीक नव्हतं.

पहिले दोन डावीकडे, बाकीचे उजवीकडे. तिसऱ्यात ते एकच वाक्य आणि खाली १४ नंबरच्या स्लाइडचा ग्राफ, उजव्या कॉलमची अर्धी उंची त्यालाच दे, खरं पोस्टर तेच आहे. लेजंड काढून रेषेच्या टोकालाच "पेंढा", "प्लास्टिक", "उघडा" लिही, आणि लाल-हिरवी जोडी बदल, काहींना तो फरक दिसतच नाही. ग्राफचा स्क्रीनशॉट अजिबात नको, फुल एचडी स्क्रीनचे १९२० पिक्सेल ८४ सेंटिमीटरवर पसरले तर इंचाला जेमतेम ५८ पडतात, सगळं फुटणार. मूळ चार्टच कॉपी कर.

आधीच्या अभ्यासांच्या चार स्लाइड आणि आभाराची स्लाइड पूर्ण उडव. सरांना आधीच्या अभ्यासांचं वाईट वाटेल कदाचित, मी बोलते त्यांच्याशी, कोणी विचारलं तर आपण तोंडी सांगूच.

झालं की पीडीएफ काढून ए-फोरवर प्रिंट मार. ए-झीरोवरचा २४ पॉइंट तिथे ६ पॉइंट होतो, तो हातात धरून वाचता आला नाही तर फॉन्ट वाढव आणि जागेसाठी फोटो कमी कर, ग्राफ नाही.