दोन भाषांच्या वर्गात अभ्यास कसा करायचा: नवागतांच्या स्वागत समारंभातलं भाषण

आदरणीय प्राचार्य, सगळे सर आणि मॅडम, आणि आज पहिल्यांदाच या सभागृहात बसलेल्या माझ्या भावंडांनो, नमस्कार.

मी टीवाय बीएस्सीत आहे, विषय फिजिक्स. घर सत्तरी तालुक्यात. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश. तुमच्यातल्या पुष्कळांचं असंच झालं असणार. आजपासून पुस्तक इंग्लिश, पेपर इंग्लिश, फळ्यावर इंग्लिश, पण समजावताना सर कोंकणीत येतात. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ती कोंकणी ऐकून बरंच वाटतं. माझी पहिल्या वर्षी जी फसगत झाली, ती इथेच झाली.

सरांनी मोमेंटम शिकवलं. खनिजाने भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक एकाच वेगाने येतायत, थांबवायला कुठला कठीण? हे कोंकणीत सांगून त्यांनी विचारलं, "कळ्ळें न्हय?" आमच्या गावावरून असे ट्रक जाताना मी लहानपणापासून पाहिलेत. मला लख्ख कळलं होतं. वही मिटून मी बस पकडली. पुढे आयएसएच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेच्या, पेपरात 'डिफाइन मोमेंटम' आलं, आणि ट्रक डोळ्यांसमोर असूनही मला एक वाक्य लिहिता येईना. कळलेलं होतं, पण ते इंग्लिशमध्ये मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

त्यानंतर मी वहीचं पान मधोमध दुमडायला लागले. डाव्या बाजूला फळ्यावरचं इंग्लिश जसंच्या तसं: प्रॉडक्ट ऑफ मास अँड व्हेलॉसिटी, p = mv. उजव्या बाजूला सरांचा ट्रक, सरांच्याच शब्दांत, कोंकणी-मराठी जे कानावर पडेल ते. बहुतेक मुलं उजवी बाजू लिहीतच नाहीत, ती नुसती गोष्ट आहे असं समजतात. पण समज तिथेच असते! संध्याकाळी डावी बाजू झाकायची, उजवीकडचं वाचायचं आणि तेच इंग्लिशमध्ये मोठ्याने बोलायचं. दुसऱ्या दिवशी उलट करायचं.

संध्याकाळीच का, तर हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात दिसलं की सगळ्यांत जास्त विसर पहिल्या काही तासांतच पडतो. सरांचा ट्रक रविवारपर्यंत डोक्यात राहणार नाही. आणि एका भाषेत घ्यायचं, दुसऱ्या भाषेत मांडायचं, ही काही माझी युक्ती नाही. वेल्समधल्या शाळांत वेल्श आणि इंग्लिश अशा दोन भाषांत हे मुद्दाम करून घेत. केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये त्याला नाव दिलं, इंग्लिशमध्ये ते ट्रान्सलँग्वेजिंग म्हणून ओळखलं जातं.

एका गोष्टीला मात्र जपा. घरचा शब्द आणि विषयाचा शब्द नेहमी एक नसतात. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन सपाट वाटेने चालणाऱ्या बाईला आपण केवढं काम करते म्हणू, आणि ते खरंच आहे. पण फिजिक्सचं वर्क तिथे शून्य धरतात, कारण कळशीला पेलणारं बल वरच्या दिशेने आणि चाल आडवी.

कॉमर्सवाल्यांनो, तुमच्यासाठी मासळी बाजार. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, मासळी महागते, आपण कमी घेतो: इथे क्वांटिटी डिमांडेड घटली, आपण त्याच रेषेवर वर सरकलो. श्रावणात भाव तोच असला तरी कितीतरी घरांत मासळी येत नाही: इथे डिमांडच घटली, अख्खी रेषा डावीकडे गेली. मराठीत दोन्हीला आपण मागणी कमी झाली म्हणून मोकळे होतो आणि पेपरात मार्क जातात. असा शब्द भेटला की वहीत त्याला लाल गोल करा.

परीक्षेचे शब्द पहिल्याच आठवड्यात पाठ करा: स्टेट म्हणजे नुसतं सांगा, एक्स्प्लेन म्हणजे कारणासकट, डिस्टिंग्विश म्हणजे मुद्द्यासमोर मुद्दा.

आणि वर्गात न कळलं तर "सर, परत एकदां कोंकणींत सांगात" म्हणायला अजिबात लाजू नका. मडगावकडून आलेल्या, घरी इंग्लिश बोलणाऱ्या मैत्रिणीजवळ बसा. तिला सरांची कोंकणी कधी अडते, तुम्हाला पुस्तकाचं इंग्लिश. माझी अशीच एक मैत्रीण आहे, आम्ही तीन वर्षं एकमेकींच्या वह्या वाचतोय.

दर गुरुवारी शेवटच्या लेक्चरनंतर मी लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलावर असते. माझी पहिल्या वर्षाची वही तिथे ठेवीन, दोन्ही बाजू लिहिलेली. आपली दुमडलेली वही घेऊन या, आठवड्यातला एकेक धडा आपण बोलून काढू. बसची वेळ होईपर्यंत तासभर सहज मिळतो.