मधलं शून्य

सड्यावर चिरेखाणीच्या कडेला एक मोडका चिरा पडलाय. त्यावर बसून फोन डाव्या हातात धरला की दोन काड्या येतात, उजव्या हातात धरला की एक. मयुरीने हे चार-पाच वेळा पडताळून पाहिलं होतं. केमिस्ट्रीत बीएस्सी केल्याचा आजवर झालेला उपयोग एवढाच, असं ती स्वतःच म्हणायची.

जूनचा दुसरा आठवडा. मासेमारी १ तारखेपासून बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, बाबा पडवीत जाळं तुणत बसलेले. हे दोन महिने घरात दोघं बेकार. फरक इतकाच, की बाबांच्या बेकारीला सरकारने ३१ जुलै ही तारीख दिलीय.

छत्री घेऊन ती निघाली तशी आईने चुलीकडूनच हाक मारली. "खंय चललंस गो पावसात?"

"वर."

"कितवो आज?"

"शंभरावो."

"मगे नारळ फोडूक व्हयो," आई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती, तेच जास्त लागलं.

मेलांची नोंद कॉलेजच्या जर्नलात उरलेल्या पानांवर होती. क्रमांक, तारीख, कंपनी, उत्तर. लोट्यातले केमिकलचे कारखाने, गोव्यातल्या औषध कंपन्या, मासळी गोठवणारे, काजूवाले, पाणी तपासणाऱ्या लॅब. उत्तराच्या रकान्यात अकरा ठिकाणी 'मशीन' असं लिहिलेलं. म्हणजे 'आपला अर्ज मिळाला, या मेलला उत्तर देऊ नये' असं आलेलं. बाकी रकाना कोरा. सुरुवातीला ती प्रत्येक कंपनीसाठी वेगळा मजकूर लिहायची. चाळिसाव्यानंतर फक्त नाव बदलायची. एकदा तेही बदलायचं राहिलं आणि काजूवाल्यांना तिने औषधांची आवड कळवली.

शंभरावा मात्र तिने मनापासून लिहायला घेतला. कंपनी लहान, पण माशांचं खाद्य करणारी. प्रथिनं तपासायची रीत तिला येत होती, तेच लिहिलं. बायोडेटा जोडला. तालुक्याच्या सायबरवाल्याने दोन वर्षांपूर्वी टाइप करून दिलेला, एका पानाचा, निळ्या चौकटीतला. 'सेंड'वर अंगठा नेला आणि वर पट्टी सरकली. नवा मेल.

मशीन असणार, म्हणून तिने आधी छत्री सारखी केली. मग उघडला.

'नमस्कार. मी मँगो पल्प युनिटच्या लॅबमधून लिहितोय. मार्चमध्ये तुमचा अर्ज आला होता. सीझनला माणूस हवा होता म्हणून मी तुम्हाला दोन-तीनदा फोन लावला, लागला नाही. आज फाईल आवरताना लक्षात आलं, तुमच्या बायोडेटातल्या नंबरात नऊच आकडे आहेत. एक मुलगी लग्न ठरल्यामुळे महिनाअखेर सोडतेय. ब्रिक्स, पीएच, आम्लता, रोजचं काम तेवढंच. अजून मोकळ्या असाल तर बरोबर नंबर कळवा.'

मयुरीने बायोडेटा उघडून दोन बोटांनी मोठा केला. तिच्या नंबरात मध्ये दोन शून्यं लागोपाठ येतात. इथे एकच होतं.

मेलातलं व्याकरण तिने मैत्रिणीकडून तपासून घेतलं होतं. फोटो बदलला होता. छंदांतून 'गाणी ऐकणे' काढून 'वाचन' घातलं होतं. आणि कॉलेजात टायट्रेशनचं एक रीडिंग तीनदा जुळल्याशिवाय मॅडम पुढे जाऊ द्यायच्या नाहीत, त्याचा तिला केवढा राग यायचा!

तिने जर्नल उलटं चाळलं. मार्च, फेब्रुवारी, गेला नोव्हेंबर. कोऱ्या रकान्यांतल्या कुणीकुणी फोन लावला असेल? एकानेही नसेल? दोन्ही विचार सारखेच वाईट होते. पाऊस तिरका झाला, पानावरची शाई थोडी फुटली, तिने ते झटकन ओढणीखाली घेतलं.

शंभराव्याची जोडलेली फाईल तिने काढून टाकली. तो मसुद्यातच ठेवला. मग उत्तर लिहिलं: 'सर, मोकळी आहे.' त्याखाली नंबर.

पाठवायच्या आधी तिने घरी फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा बाबांनी उचलला.

"बाबा, माझो नंबर सांगा बघू. तुमच्या फोनात बघून. सावकाश."

"कित्याक? पडलंस काय खंय?"

"नाय ओ. सांगा."

जाळ्याची सुतळी दातांत धरलेली असावी, बाबा एकेक आकडा चघळत बोलले. ती बोटं मिटत गेली. दहा. परत सांगायला लावले. दहा.

"आता आयेक सांगा वाचूक," ती म्हणाली.

आईला आकडे वाचायला वेळ लागतो. मधल्या शून्यांपाशी ती थांबली. "हंयसर दोन पोकळे आसत गो. दोनव सांगू?"

"दोनव सांग, आये."