घटक चाचणीपूर्वी मोबाइल जमा करून घेण्याबाबत व नियमभंगाच्या कार्यवाहीबाबत पालकांसाठी सूचना

मुख्याध्यापिका कार्यालय, माध्यमिक विभाग, नाशिक
दिनांक : २५ जुलै २०२५
प्रति : इयत्ता आठवी ते दहावीच्या सर्व तुकड्यांचे पालक

माननीय पालक,
सस्नेह नमस्कार.

शैक्षणिक वर्ष २०२५-२६ ची प्रथम घटक चाचणी सोमवार, ४ ऑगस्ट ते शुक्रवार, ८ ऑगस्ट या काळात घेण्यात येणार आहे. चाचणीच्या पाचही दिवशी विद्यार्थ्यांकडील मोबाइल, स्मार्ट घड्याळे आणि कानात घालायची बिनतारी उपकरणे वर्गात जाण्यापूर्वी जमा करून घेतली जातील. गेल्या वर्षापर्यंत आपण 'शाळेत मोबाइल आणू नये' एवढ्याच सूचनेवर थांबत होतो. ती सूचना सोडून हा नवा मार्ग का घ्यावा लागला, हे पालकांना सविस्तर कळवणे आवश्यक वाटते, कारण गेल्या पंधरवड्यात अनेक पालकांनी कार्यालयात येऊन 'वीस गुणांच्या चाचणीसाठी एवढा बंदोबस्त कशाला?' असे विचारले आणि तो प्रश्न रास्त आहे.

वर्गखोल्या अपुऱ्या असल्याने आपल्याकडे नववीच्या अ आणि ब तुकड्यांची चाचणी सकाळी साडेसातला, तर क आणि ड तुकड्यांची दुपारी साडेबाराला होते. गतवर्षीच्या द्वितीय घटक चाचणीत गणिताच्या प्रश्नपत्रिकेत शंकूच्या उदाहरणात छपाईची चूक राहिली होती : त्रिज्या ५ सेमी बरोबर होती, परंतु उंची १२ सेमीऐवजी २१ सेमी छापली गेली. सकाळच्या सत्रात मुलांनी तिरकस उंची पूर्णांकात येत नसल्याचे सांगताच शिक्षकांनी फळ्यावर दुरुस्ती लिहिली, आणि दुपारच्या तुकड्यांसाठी दुरुस्त प्रश्नपत्रिकेच्या नव्या झेरॉक्स काढल्या. तरीही दुपारच्या उत्तरपत्रिका तपासताना सात विद्यार्थ्यांच्या उत्तरात उंची २१ सेमी आणि तिरकस उंची √४६६ आढळली. समोरच्या कागदावर १२ छापलेले असताना, जो आकडा त्यांनी पाहिलेलाच नसायला हवा होता, तो त्यांनी लिहिला होता. सकाळच्या प्रश्नपत्रिकेचे छायाचित्र दुपारच्या आत त्यांच्यापर्यंत पोहोचले होते, एवढाच याचा अर्थ निघतो. ते कोणी काढले, याचा शोध आजतागायत लागलेला नाही.

याचा भुर्दंड ज्यांचा काहीच दोष नव्हता त्यांनाही पडला. चारही तुकड्यांची ती चाचणी रद्द करून पुढच्या शनिवारी नवीन प्रश्नपत्रिकेवर घ्यावी लागली. पहिल्या वेळी १९ गुण मिळवलेल्या एका विद्यार्थिनीला फेरचाचणीत १४ मिळाले आणि तिने वर्गशिक्षिकांना विचारले, "बाई, माझे आधीचे गुण का नाही धरत?" त्याला आमच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. त्यानंतर जवळपास दोन आठवडे अ आणि ब तुकड्यांतील प्रत्येक मूल संशयाच्या छायेत होते, आणि चांगले गुण मिळवणाऱ्यांकडे सोबतीच अधिक रोखून पाहत होते. आमच्या मते त्या प्रकरणातले खरे नुकसान हे होते, गुणांचे नव्हे.

मोबाइल जमा करण्यामागचे मुख्य कारण हेच आहे. मोबाइल खोलीबाहेर असला की चाचणीच्या काळात कोणावर संशय घेण्याची वेळच येत नाही, आणि पर्यवेक्षक शिक्षकांवरही मुलांचे खिसे चाचपण्याची पाळी येत नाही. मुलामुलींची अंगझडती घेणे आम्हांला मान्य नाही आणि आपल्यालाही ते आवडणार नाही, याची खात्री आहे.

'मोबाइल बंद करून दप्तरात ठेवला तर काय हरकत आहे?' असेही विचारले गेले. चाचणीच्या वेळी दप्तरे व्हरांड्यात ठेवली जातात. तेथे हजारो रुपयांची वस्तू तासभर विनापहारा ठेवणे योग्य नाही, आणि एखाद्या दप्तरात गजर वाजू लागला की बाजूच्या तीन खोल्यांतील लेखन थांबते, हे आम्ही अनुभवले आहे. शिवाय 'पाणी प्यायला जातो' म्हणून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला दप्तर चार पावलांवर असते. यंदा दोन्ही सत्रांसाठी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका काढण्याचेही ठरले आहे, परंतु दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी ठेवणे कोणत्याही शिक्षकाला पूर्णपणे साधत नाही, आणि एकाच सत्रात दोन खोल्यांमध्ये उत्तरांची देवाणघेवाण झाली तर त्यावर तो उपाय चालतही नाही. दहावीच्या मंडळाच्या परीक्षेत परीक्षा कक्षात मोबाइल नेण्यास सक्त मनाई असते. ती सवय मार्च महिन्यात अचानक लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

जमा करण्याची पद्धत अशी राहील. सकाळच्या सत्राचे विद्यार्थी ७ वाजून १० मिनिटांपर्यंत आणि दुपारच्या सत्राचे १२ वाजून १० मिनिटांपर्यंत आपापल्या तुकडीच्या टेबलापाशी येतील. विद्यार्थी स्वतः मोबाइल पूर्णपणे बंद करील आणि हजेरी क्रमांक लिहिलेल्या कापडी पिशवीत ठेवील. वर्गशिक्षक वहीत मोबाइलचा रंग, कंपनी आणि काचेवर आधीच तडा असल्यास तसा उल्लेख करून विद्यार्थ्याची सही घेतील व त्याला क्रमांकाचा बिल्ला देतील. पिशव्या कार्यालयातील लोखंडी कपाटात राहतील. कपाटाला दोन कुलुपे असून एक किल्ली माझ्याकडे, तर दुसरी ज्येष्ठ लिपिकांकडे असते. पेपर संपल्यावर बिल्ला दाखवून मोबाइल त्याच दिवशी परत मिळेल. शाळेच्या ताब्यात असताना मोबाइल हरवला किंवा त्याची मोडतोड झाली तर जबाबदारी शाळेची राहील. मात्र जमा न करता दप्तरात ठेवलेल्या मोबाइलबाबत शाळा जबाबदार नसेल.

४ ऑगस्ट रोजी श्रावणी सोमवार असल्याने त्र्यंबक रस्त्यावर सकाळपासून गर्दी असते. सातपूर आणि अंबडकडून सिटीलिंक बसने किंवा व्हॅनने येणाऱ्या मुलांनी त्या दिवशी किमान वीस मिनिटे आधी निघावे. उशिरा आल्यामुळे मोबाइल जमा करायचा राहिला, हे कारण स्वीकारले जाणार नाही. बसने एकट्या येणाऱ्या मुलांजवळ मोबाइल असावा, ही पालकांची काळजी आम्ही समजतो. म्हणूनच मोबाइल घरीच ठेवण्याची सक्ती केलेली नाही, तो केवळ चाचणीच्या वेळेपुरता जमा करायचा आहे. त्या वेळात तातडीचा निरोप असल्यास विद्यार्थी दैनंदिनीच्या पहिल्या पानावर छापलेल्या कार्यालयाच्या क्रमांकावर कळवावा. निरोप मुलापर्यंत पाच मिनिटांत पोहोचवण्यासाठी एक सेवक केवळ याच कामावर नेमला आहे.

काही मुलांची प्रकृती मोबाइलवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, मधुमेहामुळे दंडावर ग्लुकोजचा सेन्सर लावलेल्या मुलाचे आकडे मोबाइलवर येत असतील, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह १ ऑगस्टपर्यंत अर्ज द्यावा. अशा विद्यार्थ्याचा मोबाइल त्याच खोलीतील पर्यवेक्षकांच्या टेबलावर राहील आणि इशाऱ्याचा आवाज चालू ठेवला जाईल. या कारणाने त्या मुलाचा एकही गुण अथवा मिनिट कमी होणार नाही.

आता नियमभंगाविषयी. विसरणे आणि लपवणे या दोन गोष्टी आम्ही एकाच तराजूत तोलणार नाही. मोबाइल खिशात राहिला आहे असे विद्यार्थ्याने पेपर सुरू होण्याआधी स्वतःहून सांगितले, तर तो जमा करून घेतला जाईल आणि विषय तेथेच संपेल. पेपर सुरू झाल्यानंतर बंद स्थितीतील मोबाइल आढळला, तर विद्यार्थ्याला पेपर पूर्ण लिहू दिला जाईल, त्याचे गुण धरले जातील, परंतु दैनंदिनीत नोंद होईल आणि मोबाइल पालकांनी स्वतः येऊन न्यावा लागेल. असे त्याच चाचणीत दुसऱ्यांदा घडल्यास ते विसरणे मानले जाणार नाही.

मोबाइल चालू स्थितीत आढळला, त्यावरून छायाचित्र काढले गेले, संदेश गेला किंवा आला, अथवा स्मार्ट घड्याळ किंवा कानातील उपकरणाचा वापर झाला, तर पर्यवेक्षक उत्तरपत्रिकेवर त्या क्षणापर्यंतच्या लेखनाखाली वेळ लिहून लाल शाईची रेघ ओढतील व विद्यार्थ्याला पुढे लिहू देतील. त्याच दिवशी पालकांना बोलावले जाईल. उपमुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघाचे एक पालक प्रतिनिधी अशी तीन जणांची समिती विद्यार्थी व पालक यांचे म्हणणे ऐकून दोन दिवसांत लेखी निर्णय देईल. गैरवापर सिद्ध झाल्यास त्या विषयाला शून्य गुण नोंदवले जातील व फेरचाचणी मिळणार नाही. प्रश्नपत्रिका बाहेर पाठवल्याचे सिद्ध झाल्यास त्या चाचणीच्या सर्व विषयांना हाच निर्णय लागू होईल. बाहेरून आलेली प्रश्नपत्रिका वापरणाऱ्यालाही पाठवणाऱ्याइतकेच जबाबदार धरले जाईल. निर्णय मान्य नसल्यास तीन दिवसांत माझ्याकडे लेखी दाद मागता येईल.

टेबलावर जुना, बंद पडलेला मोबाइल जमा करून खरा मोज्यात ठेवण्याचा प्रकार एका सराव चाचणीत पाहायला मिळाला. हा विसराळूपणा नसून ठरवून केलेली फसवणूक आहे, त्यामुळे मोबाइल बंद असला तरी असे प्रकरण थेट समितीकडे जाईल. घरातला जुना हँडसेट मुलाच्या दप्तरात का आहे, याकडे पालकांनीही एकदा लक्ष द्यावे, ही विनंती.

शाळा काय करणार नाही, तेही स्पष्ट करते. विद्यार्थ्याचा मोबाइल शिक्षक उघडून पाहणार नाहीत; छायाचित्र तपासणे गरजेचे ठरले तर ते पालकांच्या समक्ष, पालकांच्याच हातून होईल. कोणताही आर्थिक दंड घेतला जाणार नाही आणि मोबाइल दिवसेंदिवस अडकवून ठेवला जाणार नाही. मारहाण आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केलेली आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या मुलांचा असला तरी शाळा हे तत्त्व दहावीपर्यंत पाळते. दोषी विद्यार्थ्याचे नाव सूचना फलकावर, परिपाठात किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर होणार नाही. पालकांनीही त्या गटावर एखाद्या मुलाच्या नावाची चर्चा करू नये. गतवर्षी अशा चर्चेत एका निर्दोष मुलाचे नाव तीन दिवस फिरत होते आणि त्याची माफी मागायला नंतर कोणीही पुढे आले नाही.

ही सूचना वाचल्याची सही विद्यार्थी दैनंदिनीच्या ३१ जुलैच्या पानावर करून द्यावी. शंका असल्यास मंगळवार, २९ जुलै रोजी सायंकाळी साडेपाच वाजता शाळेच्या सभागृहात होणाऱ्या पालक सभेत त्या मांडाव्यात. मोबाइल जमा करण्याची वही, पिशव्या आणि बिल्ले तेथे पाहण्यासाठी ठेवलेले असतील. ज्यांना सभेस येणे शक्य नाही, त्यांनी शनिवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत कार्यालयात भेटावे.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका